सव्वीस स्लाइडमधले आकडे वेचून काढायचे कसे?

पत्र: आमची लातूर जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीनची खरेदी-विक्री आणि छोटी डाळ मिल. मी हिशेब सांभाळते. बँकेपुढे कर्जमर्यादा वाढवून मागण्यासाठी 26 स्लाइडचं सादरीकरण तयार झालंय. गेल्या खेपेला बँकेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर दाखवून दिलं, की सभासदांची संख्या एका स्लाइडवर 1,240 आणि दुसरीवर 1,300 आहे. आता अध्यक्षसाहेब म्हणतात, ‘ताई, एकूण एक आकडा तपासून द्या.’ मी पहिल्या स्लाइडपासून टॅली उघडून तपासायला बसले, तर पाचव्या स्लाइडवरच गुंता झाला. हातात तीन दिवस आहेत. कुठून सुरुवात करू? — लेखापाल, उदगीर

---

ताई, टॅली बंद करा. पहिला दिवस फक्त यादीचा. आकडे वेचणं आणि आकडे तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकत्र केली की दोन्ही अर्धवट राहतात. उलाढालीचा आकडा लागत नाही म्हणून तुम्ही तासभर खतावणीत अडकता, परत स्लाइडवर येता तेव्हा आधी कुठे थांबलो होतो ते आठवत नाही. शिवाय जो आकडा रोजच्या ओळखीचा आहे तो डोळा आपोआप बरोबर धरतो आणि पुढे सरकतो. यादी करताना बरोबर-चूक ठरवायचंच नसतं, म्हणून तिथे ही सूट घेता येत नाही.

यादीच्याही आधी फाइल गोठवा. सादरीकरण बनवणाऱ्याला सांगा, की आजपासून हीच प्रत, हिच्यात कुणी हात घालायचा नाही. नाव `bank_deck_v07.pptx` असं क्रमांकासह ठेवा आणि तेच नाव तुमच्या यादीच्या माथ्यावर लिहा. तुम्ही स्लाइड 12 तपासत असताना तिकडे कुणी स्लाइड 4 सुधारत असेल, तर तुमची यादी कुठल्या फाइलची हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग छापून काढा, एका कागदावर एक स्लाइड. छापताना दोन गोष्टी पाहा. `Print hidden slides` वर खूण हवी, कारण लपवलेली स्लाइडही फाइलबरोबर बँकेत जाते आणि तिथे कुणीही उघडून पाहू शकतो. दुसरं, `Notes Pages` एकदा वेगळे छापा. बोलणाऱ्यासाठी खाली लिहिलेल्या टिपणात बरेचदा गेल्या वर्षीचे आकडे तसेच पडून असतात, आणि सभेत तोंडून तेच निघतात. `Outline View` उघडून तिथला मजकूर उतरवून घ्यायचा मोह होईल. तो टाळा. त्या दृश्यात फक्त शीर्षक आणि मुख्य चौकटीतला मजकूर दिसतो. वेगळी टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेलं, तक्त्यातलं, आलेखावरचं काहीच दिसत नाही, आणि सादरीकरणातले निम्मे आकडे तिथेच असतात. प्रत्येक स्लाइडवर एकदा `Alt+F10` दाबून पाहिलंत, तर चित्राखाली दबलेल्या किंवा स्लाइडच्या कडेबाहेर सरकवून ठेवलेल्या चौकटीही सापडतील.

आता लाल पेन घ्या. दिसेल त्या प्रत्येक आकड्याभोवती गोल करा आणि शेजारी क्रमांक लिहा. सातव्या स्लाइडवरचा तिसरा असेल तर स-07-03. नुसतं 7-03 लिहू नका, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. पण गोल फक्त अंकांभोवती करून भागत नाही. ‘दुप्पट’, ‘जवळपास निम्मा’, ‘सलग’, ‘सर्वाधिक’, ‘सातत्याने’, वर जाणारा हिरवा बाण, हे सगळे आकडेच आहेत, फक्त अक्षरांत किंवा चित्रात. बँकेचा माणूस नेमका तिथेच बोट ठेवतो.

तुमच्यासारख्या कंपनीच्या सादरीकरणात हमखास असतं तसं एक वाक्य घेऊ: ‘गेल्या चार वर्षांत उलाढाल दुप्पट होऊन 18.4 कोटींवर; दरवर्षी सरासरी 19% वाढ; सलग चौथ्या वर्षी नफा.’ वरवर पाहिलं तर यात तीन दावे आहेत. यादीत मात्र सात ओळी होतात. 2024-25 ची उलाढाल 18.4 कोटी, ही पहिली. दुप्पट म्हणजे कशाच्या? तर 2021-22 च्या. तो आकडा स्लाइडवर छापलेलाच नाही, तरी त्याची ओळ हवी. मग ‘दुप्पट’ हा भागाकार. मग ‘चार वर्षांत’ हा कालावधी. मग 19 टक्के. मग चारही वर्षांचा नफा. आणि शेवटची ओळ, नफा करापूर्वीचा की करानंतरचा, कारण वाक्यात ते सांगितलेलं नाही.

समजा नफा-तोटा पत्रकांतून चार वर्षांची उलाढाल अशी निघाली: 9.12, 11.45, 13.36 आणि 18.42 कोटी. 18.42 ला 9.12 ने भागलं की 2.02 येतात, म्हणजे ‘दुप्पट’ ठीक. पण 19 टक्के चुकलेत. आकडे चार वर्षांचे असले तरी त्यांच्यामधल्या उड्या तीनच आहेत. हाताने घनमूळ काढण्याच्या भानगडीत न पडता एक्सेलच्या एका घरात हे लिहा:

```
=(18.42/9.12)^(1/3)-1
```

उत्तर 26.4 टक्के येतं. `1/3` च्या जागी `1/4` घातलं की 19.2. म्हणजे सादरीकरण बनवणाऱ्याने वर्षं मोजली, अंतरं मोजली नाहीत. इथे चूक तुमच्याच विरोधात गेली आहे, वाढ कमी दाखवली आहे. म्हणून फक्त फुगलेले आकडे शोधायचे असं मनात धरून बसू नका. एकच ओळ मानून नुसत्या 18.4 वर टिक मारली असती, तर हे 19 टक्के तसेच बँकेत गेले असते.

यादीचा तक्ता साधा ठेवा. रकाने एवढेच: क्रमांक, स्लाइडवर कुठे आहे, जसंच्या तसं लिहिलेलं, दावा आपल्या शब्दांत, एकक, कालावधी किंवा तारीख, प्रकार, पुरावा, पुराव्यातला आकडा, निकाल, शेरा. ‘जसंच्या तसं’ हा रकाना आधीच टेक्स्ट म्हणून ठरवून घ्या, नाहीतर 18.40 चे 18.4 होतील आणि मूळ स्लाइडवर किती दशांश दिले होते ते कळणार नाही. एककाचा रकाना रिकामा सोडायचा नाही. लाख की कोटी, क्विंटल की टन, जीएसटीसह की वगळून, हे स्लाइडवर लिहिलेलं नसेल तर रकान्यात ‘दिलेलं नाही’ असं लिहा. तीही एक सापडलेली उणीवच आहे.

एका स्लाइडवर सात-आठ दावे धरले, तरी 26 स्लाइडमागे दोनशेच्या आसपास ओळी होतील. यादी पूर्ण झाली, की कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाला तरी नुसते कागद द्या आणि निळ्या पेनने गोल करायला सांगा, तुमची यादी न दाखवता. लाल गोल नसलेल्या कोऱ्या छापील प्रतीवर. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवा. निळा आहे आणि लाल नाही, असे पाच-दहा तरी निघतील. बहुतेक तळटिपांत, आलेखाच्या अक्षावर आणि शीर्षकात.

दुसऱ्या दिवशी प्रकाराचा रकाना भरा आणि त्यानुसार चाळण लावून तपासा, स्लाइडच्या क्रमाने नव्हे. प्रकार चार: थेट हिशेबातून आलेला, आपण काढलेला, बाहेरून घेतलेला आणि अंदाजाचा. हिशेबातले सगळे एका बैठकीत उरकतात, कारण ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक एकदाच उघडावं लागतं. पुराव्याच्या रकान्यात ‘टॅली’ एवढंच लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच. ‘लेखापरीक्षित नफा-तोटा पत्रक 2024-25, पान 4, विक्रीपासूनचं उत्पन्न’ असं लिहा, म्हणजे दुसऱ्याला दोन मिनिटांत तिथे पोचता येईल. उलाढालीच्या बाबतीत एक ठरलेला घोटाळा होतो. विक्री रजिस्टरची बेरीज जीएसटीसह येऊ शकते, नफा-तोटा पत्रकातला आकडा जीएसटी वगळून असतो. दोन आकडे जुळत नसतील, तर फरक आधी तिथे शोधा.

काढलेल्या आकड्यांत गुणोत्तरं येतात, आणि तिथे उत्तराआधी व्याख्या लिहायची. चालू गुणोत्तर 1.41 असं छापलं असेल, तर येत्या वर्षभरात फेडायचे मुदत कर्जाचे हप्ते चालू देण्यांत धरले आहेत का? कंपनीच्या ताळेबंदात ते चालू देण्यांतच दाखवावे लागतात. आपल्या एक्सेलमध्ये ते सगळे दीर्घ मुदतीत राहिले असतील, तर गुणोत्तर खोटंच चांगलं दिसतं. बँकवाले 1.33 ची जुनी खूणगाठ मनात धरून वाचतात, म्हणून हा आकडा 1.41 वरून 1.28 वर घसरला तर सगळी चर्चाच बदलते. टक्केवारीतल्या वाढीचंही तसंच. नफ्याचं प्रमाण 4.2 टक्क्यांवरून 5.6 वर गेलं, तर ती 1.4 पर्सेंटेज पॉइंटची वाढ आहे. ‘1.4% वाढ’ असं लिहिलं तर ते चूक, कारण टक्क्यांतच सांगायचं तर ती 33 टक्के भरते.

बाहेरून घेतलेल्या आकड्यांत तारीख हाच अर्धा पुरावा. ‘सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये’ हे बरोबर की चूक? 2024-25 च्या हंगामासाठी बरोबर. पण वर ‘यंदाचा हमीभाव’ असं लिहिलं असेल आणि सादरीकरण 2025-26 च्या हंगामात होत असेल, तर चूक, कारण तेव्हाचा हमीभाव 5,328 आहे. तुरीचंही तसंच, 7,550 आणि 8,000. पुरावा म्हणून केंद्र सरकारच्या घोषणेची प्रत जोडा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता चालणार नाही.

आता ज्या दाव्यावर सगळ्यात जास्त वेळ जाईल तो. उत्पादक कंपन्यांच्या बहुतेक सादरीकरणांत तो असतोच: ‘सभासदांना मोंढ्यापेक्षा क्विंटलमागे 150 रुपये जादा.’ छापलेला आकडा एकच, पण प्रश्न चार. कुठला मोंढा, लातूर की उदगीर? त्या दिवसाचा कमाल भाव, किमान की सर्वसाधारण? मोंढ्यात शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई कापली जाते, ती वजा केल्यावरचा भाव की आधीचा? आणि सरासरी कशी काढली? यातला चौथा प्रश्न सगळ्यात घातक. समजा तीन महिन्यांचे आकडे असे आहेत:

| महिना | सभासदांकडून खरेदी (क्विंटल) | मोंढ्याच्या तुलनेत जादा (रुपये) |
|---|---|---|
| ऑक्टोबर | 4,000 | 90 |
| नोव्हेंबर | 2,500 | 140 |
| डिसेंबर | 500 | 220 |

90, 140 आणि 220 ची बेरीज करून तीनने भागलं की बरोबर 150 येतात. पण डिसेंबरात 220 रुपये मिळाले ते फक्त 500 क्विंटलला. राशी झाल्या झाल्या ज्यांनी माल घातला त्यांना 90 च मिळाले. वजनानुसार काढलं, तर एकूण जादा रक्कम 8,20,000 आणि माल 7,000 क्विंटल, म्हणजे क्विंटलमागे 117 रुपये. एक्सेलमध्ये खरेदी `B2:B4` आणि फरक `C2:C4` मध्ये असेल तर:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

117 हाही चांगला आकडा आहे, आणि काटापावत्यांनी सिद्ध करता येतो. 150 सिद्ध करता येत नाही. निकालात ‘चूक’ लिहा, शेऱ्यात दोन्ही पद्धती लिहा, आणि स्लाइडवर काय ठेवायचं ते अध्यक्षांवर सोडा.

आलेखासाठी वेगळा वेळ ठेवा. आलेख म्हणजे एका चित्रात दडलेल्या दहा-बारा ओळी. स्तंभावर उजवी क्लिक करून `Edit Data` उघडा आणि आतला तक्ता लेबलांशी ताडून पाहा. बरेचदा लेबल हाताने टाइप केलेलं असतं, खालचा स्तंभ मात्र जुन्याच आकड्याचा. `Edit Data` दिसतच नसेल, तर तो आलेख नसून चिकटवलेलं चित्र आहे. मूळ एक्सेल मागवा, आणि ती मिळेपर्यंत निकाल ‘पुरावा नाही’. मग उभा अक्ष कुठून सुरू होतो ते पाहा. उलाढालीचे वरचेच चार आकडे घ्या आणि अक्ष शून्याऐवजी 8 कोटींपासून सुरू केला आहे असं धरा. पहिल्या स्तंभाची उंची 1.12 उरते, शेवटच्याची 10.42. उलाढाल दुप्पट झाली, चित्रात मात्र नवपटीहून जास्त दिसते. सगळी लेबलं बरोबर असूनही ही ओळ ‘दिशाभूल’ म्हणून नोंदवायची, कारण चित्र हाही एक दावाच आहे.

वर्तुळाकार आलेखात बेरीज करून पाहा. 18.42 कोटींत डाळ 8.57, सोयाबीन 7.47, निविष्ठा 2.38 असतील, तर पूर्णांकात टक्के 47, 41, 13 येतात आणि बेरीज 101 होते. ही चूक नव्हे, पूर्णांक करण्याचा परिणाम आहे. खाली ‘पूर्णांकामुळे बेरीज 100 होत नाही’ अशी तळटीप द्या, किंवा एक दशांश दाखवा. याच आलेखातल्या डाळीला दुसऱ्या स्लाइडवर ‘जवळपास निम्मा वाटा’ म्हटलं असेल, तर 46.5 टक्क्यांना निम्मा म्हणायचं की नाही यावर वाद घालत बसू नका. सरळ 46.5 लिहायला सांगा.

किती फरक चालवून घ्यायचा, हे आधी ठरवा आणि यादीच्या माथ्यावर लिहा. सोपा नियम असा: शेवटच्या छापील अंकाच्या निम्म्याएवढा. 18.4 लिहिलं असेल, तर 18.35 पासून 18.45 च्या आतलं काहीही चालेल. 18.42 लिहिलं असेल, तर मोकळीक दशांशाच्या पुढच्या घरात जाते. हा नियम नसेल, तर प्रत्येक ओळीवर ‘चालतंय’ आणि ‘चालत नाही’ हे तुमच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर ठरेल.

सभासद संख्येचा प्रश्न यादीतच सुटतो. ‘दावा आपल्या शब्दांत’ या रकान्यात एकाच गोष्टीला दर वेळी एकच नाव द्या, ‘सभासद संख्या’, आणि त्या रकान्यावर क्रमवारी लावा. सगळ्या स्लाइडवरच्या सभासद संख्या एकाखाली एक येतील. कधी कधी दोन्ही आकडे बरोबरच असतात, एक 31 मार्चचा आणि दुसरा आजचा, किंवा एक भागधारकांचा आणि दुसरा फक्त माल घालणाऱ्यांचा. म्हणून तारखेचा रकाना भरलेला हवा. तो भरला असेल, तर उत्तर लगेच समोर येतं. नसेल, तर पुन्हा सभासद रजिस्टर उघडावं लागतं.

निकाल पाचच ठेवा: जुळतो, चूक, पुरावा नाही, दिशाभूल, अंदाज. पुढच्या वर्षीच्या 24 कोटींसारख्या अंदाजाला ‘जुळतो’ म्हणायचं नाही. तिथे फक्त त्यामागची गृहीतकं कुठल्या फाइलच्या कुठल्या पानावर आहेत ते लिहा, आणि गृहीतकांतून गणित तेवढंच येतं का ते पाहा. तो अंदाज पटण्यासारखा आहे का, हा तुमच्या यादीचा विषय नाही.

तिसरा दिवस दुरुस्त्यांचा. स्लाइडमध्ये तुम्ही स्वतः बदल करू नका. ‘चूक’ आणि ‘दिशाभूल’च्या ओळी निवडून त्यांची वेगळी यादी सादरीकरण बनवणाऱ्याला द्या. दुरुस्त फाइल `v08` म्हणून परत आली, की `Review` मधल्या `Compare` ने ती `v07` शी ताडून पाहा. सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का, एवढंच पाहून थांबू नका. 19 टक्के बदलून 26.4 केलं, तर तोच आकडा सारांशाच्या स्लाइडवर, टिपणात आणि अध्यक्षांच्या भाषणाच्या कागदावरही बदलला पाहिजे. ‘सरासरी वाढ’ या नावावर पुन्हा क्रमवारी लावली, की ती सगळी ठिकाणं सापडतात. सभेला जाताना यादीची छापील प्रत आणि पुराव्यांची फाइल क्रमांकानुसार लावून सोबत ठेवा. एखाद्या आकड्यावर प्रश्न आला, तर क्रमांकावरून थेट ते पान उघडून दाखवता येईल.